अॅड्रिनल इन्सफिशियन्सी असताना परीक्षा : परीक्षा विभागाला पत्र कसं लिहायचं

माझ्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होत नाही, ते गोळ्यांतून ठरलेल्या वेळी घ्यावं लागतं. माझा दुपारचा डोस बारा वाजता असतो आणि आमच्या कॉलेजचा पेपर साडेदहा ते एक. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी पहिल्या वर्षी दीड महिना परीक्षा विभागाच्या खिडकीवर फेऱ्या मारल्या. माझं पहिलं पत्र दोन पानांचं होतं. आजार कसा झाला, ग्रंथी कुठे असतात, किती त्रास होतो, सगळं त्यात होतं. शेवटी ‘तरी योग्य त्या सवलती मिळाव्यात ही विनंती’ असं लिहिलं होतं. ते ‘अपंगत्वाचं कार्ड जोडा’ असा शेरा मारून परत आलं.

तेव्हा एक गोष्ट कळली. परीक्षा विभागातले सर किंवा मॅडम आजार मंजूर करू शकत नाहीत, त्यांना फक्त कृती मंजूर करता येते. ‘विद्यार्थिनीने बारा वाजता जागेवर बसून स्वतःजवळची गोळी घ्यावी’ हे वाक्य मंजूर होतं. ‘सहानुभूतीने विचार व्हावा’ हे वाक्य कोणालाच मंजूर करता येत नाही, कारण त्यात करायचं काय ते सांगितलेलं नसतं.

मी ऐरोलीला राहते, कॉलेज ठाण्यात. बी.कॉम.ची तीन वर्षं याच पद्धतीने पार पडली. मला प्रायमरी प्रकार आहे, म्हणजे अॅडिसन्स. तुमचा पिट्युटरीमुळे झालेला असेल किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यामुळे, तरी पत्राची पद्धत तीच राहील. डोसचे आकडे मात्र माझे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

१. आधी वेळापत्रक मांडा, मग काय मागायचं ते ठरवा

कागदावर एक आडवी रेघ ओढा आणि परीक्षेचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत मांडा. माझा असा होता : सहाला उठून हायड्रोकॉर्टिसोन १० मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी, बाराला हायड्रोकॉर्टिसोन ५, संध्याकाळी पाचला ५. आता त्यावर पेपरची वेळ ठेवा. सकाळचा पेपर असेल तर माझा बाराचा डोस पेपरच्या बरोबर मध्ये येतो. दुपारी अडीच ते पाचचा पेपर असेल तर काहीच अडत नाही. संध्याकाळची गोळी बाहेर आल्यावर घेता येते.

खिडकीवर पहिला प्रश्न हमखास येतो : ‘गोळी पेपरच्या आधी किंवा नंतर घेतली तर चालणार नाही का?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर तयार हवं. हायड्रोकॉर्टिसोन शरीरात फार वेळ टिकत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं, म्हणून तर दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं. तरीही बऱ्याच जणांना अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाल्याने काही होत नाही. तुमचे डॉक्टर ‘सव्वादहाला घे’ म्हणाले तर ही मागणी पत्रातून काढून टाका. जी सोय लागत नाही ती मागितली की लागणाऱ्या सोयींवरही शंका घेतली जाते.

माझ्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं पडलं. पहिली गोळी सहाला, म्हणून एक वाजेपर्यंत सात तास होतात आणि शेवटच्या तासात मी गळून जाते. सव्वादहाला घेतली तर पाचपर्यंतचा पल्ला लांबतो. ‘जागेवर बसून गोळी गिळायला दहा सेकंद लागतात, वेळ कशाला हलवायची?’ असं ते म्हणाले आणि हेच कारण त्यांनी प्रमाणपत्रात लिहून दिलं.

२. मागण्या तीन गटांत पाडा

पत्रात सगळं एकत्र कालवलं की वाचणाऱ्याला ते अवघड आणि मोठं वाटतं. खरं तर गट तीनच आहेत आणि प्रत्येकाचा निर्णय वेगळ्या माणसाकडे असतो.

पहिला गट रोजच्या पेपरचा. गोळी, पाणी, मीठ, खाण्याचा एखादा पदार्थ, बाथरूमला जाण्याची परवानगी, दाराजवळची जागा. यात परीक्षेच्या नियमांना कुठे धक्का लागत नाही, त्यामुळे हे कॉलेजच देऊ शकतं. मिठाची गोष्ट प्रायमरी प्रकारातल्यांनी आवर्जून लिहावी. आपल्या शरीरात मीठ धरून ठेवणारं अॅल्डोस्टेरॉन कमी असल्यामुळे मीठ लघवीवाटे निघून जातं. एप्रिलच्या उकाड्यात ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आलं की अकरा वाजताच उभं राहताना चक्कर येते. मी पारदर्शक बाटलीत ओआरएस आणि डब्यात खारे शेंगदाणे नेते.

दुसरा गट पेपर चालू असताना तब्येत बिघडली तर काय करायचं याचा. इथे चार ओळी लिहून चालत नाही, याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

तिसरा गट पेपरलाच येता आलं नाही तर काय, याचा. साधा ताप किंवा उलटी-जुलाब आपल्याला दवाखान्यात नेऊ शकतात. आजारपण यायच्या आधीच हे कागदावर असेल तर नंतरचा अर्ज ‘कारण शोधून काढलंय’ असा वाटत नाही.

जादा वेळेबद्दल एक सल्ला. दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तो नियम ऐकून मी पहिल्या पत्रात तेच मागितलं होतं आणि तिथेच अडकले. माझ्या हाताला किंवा लिहिण्याच्या वेगाला काही झालेलं नाही. मला हवी होती ती चक्कर आल्यामुळे, बाथरूमला गेल्यामुळे वाया गेलेली मिनिटं. म्हणून दुसऱ्या पत्रात ‘सुपरवायझरनी नोंदवलेला गेलेला वेळ, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं’ असं मागितलं आणि ते पटलं. मात्र हे कॉलेजच्या पातळीवरच्या परीक्षांना झालं. मुंबई विद्यापीठाकडून होणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत कॉलेज स्वतःहून एक मिनिटही वाढवू शकत नाही. तिथे प्राचार्यांमार्फत अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

३. ‘कार्ड आणा’ म्हटलं तर

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात आपल्या आजाराचं नाव नाही. त्यामुळे यूडीआयडी कार्ड नसेल तर ते नाही असं सरळ सांगा, त्यामागे धावत परीक्षेचा महिना घालवू नका. पण त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपेक्षा रुंद आहे : दीर्घकाळची शारीरिक अडचण, जी भोवतालच्या अडथळ्यांमुळे माणसाला इतरांच्या बरोबरीने सहभागी होऊ देत नाही. कलम १६ मध्ये शिक्षणसंस्थांनी व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी असं म्हटलेलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेतली वाजवी सोय फक्त ठराविक टक्केवारीचं अपंगत्व असलेल्यांपुरती बांधून ठेवता येणार नाही.

हे पत्रात एका वाक्यात ठेवा, त्याहून जास्त नको. मी कलमांनी सुरुवात केली होती तेव्हा समोरच्या मॅडमचा चेहरा बदलला आणि बोलणं वकिली झालं. त्यापेक्षा २०१७ पासून सीबीएसई टाइप-१ मधुमेहाच्या मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी नेऊ देते, हे उदाहरण त्यांना लगेच कळलं. ‘मॅडम, त्यांना जशी साखर लागते तशी मला ही गोळी आणि मीठ लागतं,’ एवढं म्हटल्यावर त्यांनी पेन हातात घेतलं.

४. डॉक्टरांचं प्रमाणपत्र : काय लिहून घ्यायचं

‘ही माझी पेशंट असून तिला औषधं चालू आहेत’ हे प्रमाणपत्र निरुपयोगी आहे. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जाताना मुद्दे एका कागदावर लिहून न्या. सरकारी ठिकाणी दाखवत असाल, उदाहरणार्थ परळच्या केईएममध्ये, तर ओपीडीत गर्दी असते. तयार मुद्दे समोर ठेवले तर डॉक्टरांचाही वेळ वाचतो. मी पाच गोष्टी मागितल्या :

- निदान पूर्ण शब्दांत, ते कायमचं आहे आणि औषध एक दिवसही बंद करता येत नाही.
- औषधाचं नाव, मात्रा, वेळ. पेपरच्या वेळेत येणारा डोस कोणता आणि तो का हलवता येत नाही.
- जवळ बाळगायच्या वस्तू : गोळ्यांची स्ट्रिप, ओआरएस, खाणं, इमर्जन्सी इंजेक्शनचा संच.
- धोक्याची लक्षणं आणि ती दिसल्यावर कोणी काय करायचं.
- ताप किंवा उलट्या झाल्या तर पेपरला बसणं असुरक्षित ठरू शकतं, हे वाक्य.

एक शब्द जपून वापरा : स्टेरॉइड. माझ्या पहिल्या कागदावर ‘पेशंट ऑन स्टेरॉइड्स’ एवढंच होतं आणि क्लार्कनी ‘जिमवालं का?’ असं विचारलं. ‘शरीरात तयार न होणाऱ्या कॉर्टिसॉलच्या जागी घ्यावं लागणारं औषध’ असं लिहून घ्या.

परीक्षेच्या ताणासाठी डोस वाढवायचा का, हेही त्याच भेटीत विचारा. मला ‘पेपर आहे म्हणून वाढवायचा नाही, ताप आला तर वाढवायचा’ असं स्पष्ट सांगितलं गेलं. ते विचारलं नसतं तर मी अभ्यासाच्या रात्री मनानेच गोळ्या घेत बसले असते.

५. पत्राचा नमुना

एका पानात बसवा. मराठीत द्या, विद्यापीठाकडे जाणार असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडा. माझं दुसऱ्या वर्षीचं पत्र थोडंफार असं होतं :

प्रति,
मा. प्राचार्य / परीक्षा विभागप्रमुख,
(कॉलेजचं नाव), ठाणे

विषय : सत्र ४ च्या परीक्षेत औषध घेण्यास व वैद्यकीय गरजेनुसार सोयी मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी द्वितीय वर्ष बी.कॉम., तुकडी __, हजेरी क्रमांक __ ची विद्यार्थिनी आहे. मला प्रायमरी अॅड्रिनल इन्सफिशियन्सी हा कायमस्वरूपी आजार आहे. माझ्या शरीरात कॉर्टिसॉल हे जगण्यासाठी आवश्यक संप्रेरक तयार होत नाही, ते गोळ्यांतून ठरलेल्या वेळी घ्यावे लागते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

परीक्षेच्या काळात पुढील गोष्टींना लेखी परवानगी मिळावी :

अ) प्रत्येक पेपरला
१. दुपारी १२ वाजता जागेवर बसून हायड्रोकॉर्टिसोनची गोळी घेणे. लक्षणे जाणवल्यास वेळेआधी घेणे.
२. गोळ्यांची एक स्ट्रिप, लेबल काढलेली पारदर्शक पाण्याची बाटली, ओआरएस आणि खारे शेंगदाणे टेबलावर ठेवणे. तपासणीसाठी मी १०.१० वाजता हजर राहीन.
३. दाराजवळची, पंख्याखालची जागा व सोबत कर्मचारी देऊन बाथरूमला जाण्याची परवानगी.
४. आजारामुळे गेलेला वेळ सुपरवायझरनी नोंदवून तेवढाच, जास्तीत जास्त १५ मिनिटे, शेवटी मिळणे.

आ) पेपरदरम्यान तब्येत बिघडल्यास
५. सोबतच्या ‘तातडीच्या सूचना’ या पानाप्रमाणे कृती व्हावी. ते पान माझ्या ब्लॉकच्या सुपरवायझरना रोज दिले जावे.
६. माझ्या आईला पेपरच्या वेळेत कॉलेजच्या आवारात थांबू द्यावे. इमर्जन्सी इंजेक्शन त्यांच्याजवळ असेल व त्या ते देण्यास शिकलेल्या आहेत.

इ) पेपरला हजर राहता न आल्यास
७. मी किंवा पालक पेपर सुरू होण्यापूर्वी परीक्षा विभागास कळवू व हॉस्पिटलचे कागद सादर करू. अशा वेळी नियमानुसार होणाऱ्या अतिरिक्त परीक्षेस मला बसू द्यावे.

या सोयी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील वाजवी सोयीच्या तरतुदीस धरून आहेत. त्यांमुळे प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका किंवा गुणदानात कोणताही बदल होत नाही. परवानगीची प्रत कृपया केंद्रावरील मुख्य पर्यवेक्षकांनाही द्यावी.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल, पालकांचा मोबाइल)

सोबत : १. एंडोक्रायनॉलॉजिस्टचे प्रमाणपत्र २. चालू औषधांची चिठ्ठी ३. तातडीच्या सूचना ४. ओळखपत्राची प्रत

‘मागणी’ आणि ‘सवलत’ हे शब्द मी मुद्दाम टाळले आहेत. ‘सवलत’ म्हटलं की समोरच्याला गुण वाढवून मागितल्यासारखं वाटतं.

६. तातडीच्या सूचनांचं पान

हे पान सुपरवायझरसाठी आहे. त्यांनी तुम्हाला आधी पाहिलेलं नसतं, समोर तीस मुलं असतात आणि लक्ष कॉपीवर असतं. तुमची मान खाली गेली, हात थरथरले, तुम्ही विचित्र उत्तर दिलंत, तर त्यांना वाटणार पेपर अवघड गेला. म्हणून मोठ्या अक्षरांत, फारतर दहा ओळी.

माझ्या पानावर हे होतं : ‘खूप थकवा, चक्कर, पोटात दुखणं, उलटी, घाम येऊन अंग गार पडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, बेशुद्धी. यातलं काही दिसल्यास हा परीक्षेचा ताण समजू नये. विद्यार्थिनी “मी ठीक आहे” म्हणाली तरी थांबू नये. तिला खाली आडवं करा, पाय थोडे वर ठेवा. शुद्धीत असून उलटी होत नसेल तर तिच्याजवळची गोळी आणि ओआरएस द्या. उलटी झाली किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नका. आवारातल्या पालकांना बोलवा, ते हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतील. त्याच वेळी १०८ ला फोन करा आणि “अॅड्रिनल क्रायसिस” हे शब्द सांगा.’

‘मी ठीक आहे म्हणाली तरी’ हे वाक्य डॉक्टरांनी घालायला लावलं. कॉर्टिसॉल फार खाली गेलं की रक्तदाब आणि साखर दोन्ही उतरतात, डोकं नीट चालत नाही आणि माणूस सवयीने ‘काही नाही, होईल बरं’ म्हणतो. तो निर्णय त्या क्षणी आपल्यावर सोपवू नये.

इंजेक्शनबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. संचात पावडरची छोटी बाटली, इंजेक्शनचं पाणी, सिरिंज आणि सुई असते. सुई परीक्षेच्या खोलीत नेऊ देत नाहीत आणि सुपरवायझरना इंजेक्शन द्यायला सांगणंही योग्य नाही. कोणी घाबरून नकार दिला तर सगळं पत्रच अडतं. म्हणून घरच्या शिकलेल्या माणसाला आवारात बसवायची परवानगी मागा. कोणी येऊ शकत नसेल तर संच नाव लिहून बंद पाकिटात परीक्षा विभागात ठेवा, तो तुमच्यासोबत रुग्णवाहिकेत जाईल असं लिहा आणि कॉलेजपासून सगळ्यात जवळ चोवीस तास कॅज्युअल्टी कुठे आहे ते आधीच बघून त्या पानावर टाका.

७. पत्र देणं आणि ते खोलीपर्यंत पोचवणं

परीक्षेचा फॉर्म भरतानाच पत्र द्या, म्हणजे महिनाभर तरी हातात राहतो. वेळापत्रक लागलेलं नसेल तरी चालतं, ‘सकाळच्या सत्रात पेपर असल्यास’ असं लिहा. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेऊन ती जपून ठेवा. खिडकीवर ‘ठेवा, बघतो’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. त्याच दिवशी कॉलेजच्या ईमेलवर स्कॅन पाठवा.

आठवड्याने लेखी परवानगी मागा. तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही, सांगून ठेवतो’ यावर मी तिसऱ्या सत्रात विश्वास ठेवला. पहिल्या पेपरला ब्लॉकवर बाहेरच्या तुकडीच्या मॅडम होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. बारा वाजता मी स्ट्रिप काढली तेव्हा त्यांनी ती जप्त करून ऑफिसला पाठवली आणि ती परत यायला पावणेएक वाजले. मॅडमची चूक नव्हती, परवानगी त्यांच्या टेबलावर पोचलीच नव्हती. त्यानंतर मी रोज मंजुरीची झेरॉक्स घेऊन दहाला ऑफिसमध्ये जायचे, सुपरवायझरच्या फाइलमध्ये ती आणि सूचनांचं पान लावून घ्यायचे, मगच ब्लॉकवर.

जवळ न्यायच्या वस्तूंवर काही लिहिलेलं असणं हाही एक अडथळा असतो. गोळ्यांच्या खोक्यातला छापील कागद घरी ठेवा. गोळ्या डबीत न भरता मूळ स्ट्रिपमध्येच न्या, म्हणजे नाव वाचता येतं. स्टेरॉइड कार्ड जवळ असू द्या, पण त्यावर आधीच ऑफिसचा शिक्का मारून घ्या. मोबाइल आत नसतो, म्हणून पालकांचे आणि डॉक्टरांचे नंबर त्या कार्डाच्या मागे हवेत.

८. पेपर चुकला तर : माझा चौथ्या सत्रातला पेपर

हे सगळं कामाला कसं आलं ते सांगते. तिसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री ताप १०१.२ होता. माझ्या आजारपणाच्या नियमानुसार १००.४ च्या वर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, १०२.२ च्या वर तिप्पट. रात्रीच डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे जादा गोळी घेतली. फ्लुड्रोकॉर्टिसोन वाढवायचं नसतं. सकाळी सहाला १० च्या जागी २० घेतली. सात वाजून दहा मिनिटांनी उलटी. पुन्हा २० घेतली, वीस मिनिटांत तीही बाहेर.

इथे निर्णय आधीच झालेला होता. दुसऱ्यांदा उलटी म्हणजे गोळी पोटात टिकत नाही, म्हणजे इंजेक्शन आणि हॉस्पिटल. आईने मांडीत १०० मिलिग्रॅम दिलं. रिक्षात बसायच्या आधी बाबांनी ७.५५ ला परीक्षा विभागाच्या ईमेलवर दोन ओळी टाकल्या आणि साडेनऊला फोन केला. कॅज्युअल्टीत रक्तदाब ८४/५० होता, सोडियम कमी होतं. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन चालू झालं, दोन दिवसांनी घरी सोडलं.

आता कागद. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पहिल्या प्रमाणपत्रात ‘ताप व गॅस्ट्रो, तीन दिवस विश्रांती’ असं लिहिलं होतं. यात खोटं काही नव्हतं, पण परीक्षा विभागात ते शंभरातल्या एका सर्टिफिकेटसारखं दिसलं असतं. बाबांनी विनंती करून त्यात ‘अॅडिसन्सच्या ज्ञात रुग्णास अॅड्रिनल क्रायसिस’ हे शब्द, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ टाकून घेतली. वेळ फार महत्त्वाची असते. दाखल ८.२५ ला, पेपर १०.३० चा, यावर पुढे कोणी प्रश्न विचारला नाही.

डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्ज दिला. सोबत डिस्चार्ज कार्ड, कॅज्युअल्टीचा कागद, सकाळच्या ईमेलची प्रिंट आणि महिन्यापूर्वी मंजूर झालेल्या पत्राची प्रत होती. अर्जात आजाराची कहाणी पुन्हा लिहिली नाही. ‘दिनांक __ च्या मंजूर पत्रातील मुद्दा ७ नुसार’ एवढंच लिहिलं. अतिरिक्त परीक्षेची परवानगी चार दिवसांत आली. पुढचा पेपर मी दुप्पट डोसवर असताना होता. डॉक्टरांनी बसायला हरकत नाही असं लिहून दिल्यावरच बसले. तसं लिहून मिळालं नसतं तर तोही सोडला असता, कारण सलग दोन पेपर गेले तरी परत देता येतात.

९. निकाल लागल्यावर

अतिरिक्त परीक्षा दिली तरी ऑनलाइन निकालात त्या विषयासमोर गैरहजर असा शेरा राहिलेला असू शकतो. माझ्या निकालात राहिला होता. हॉल तिकिटाची प्रत आणि अतिरिक्त परीक्षेचं परवानगीपत्र घेऊन लगेच ऑफिसात जा. पुढच्या सत्राचा फॉर्म भरायच्या आत दुरुस्ती झाली नाही तर तो विषय केटी म्हणून पुढे सरकतो आणि त्याची फी भरायची वेळ येते.

मंजुरी त्या एका सत्रापुरतीच असते. पुढच्या वेळी नवं पत्र द्या, तारीख बदला, सहा महिन्यांत डोस बदलला असेल तर प्रमाणपत्रही नवं घ्या आणि वर जुन्या मंजुरीची प्रत लावा. माझं सहाव्या सत्राचं पत्र दिलं तेव्हा खिडकीवर नवीन क्लार्क होते. त्यांनी जुनी मंजुरी पाहिली, आवक क्रमांक टाकला आणि विचारलं, ‘दाराजवळची जागा ना?’